कळ्यांचा आणि गोडेचा घेरदार स्कर्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लासला येणाऱ्या बायका घरी शिवलेला स्कर्ट पिशवीतून काढतात तेव्हा दहातल्या सात-आठ वेळा तक्रार एकच असते. घेर भरपूर आहे, पण तो सगळा दोन्ही कुशींना जमा झालाय आणि पुढचा भाग फळीसारखा सपाट लोंबतोय. कापड कमी पडलेलं नसतं, ते चुकीच्या जागी वाढवलेलं असतं. खालचे बहुतेक प्रश्न या ना त्या वाटेने तिथेच येतात. मापं सगळी इंचात आणि सुतात आहेत. एक इंच म्हणजे आठ सूत.

कळी आणि गोडे यांत फरक काय?

कळी कंबरेपासून खालपर्यंत जाते, वर अरुंद आणि खाली रुंद. अशा चार, सहा, आठ कळ्या जोडल्या की स्कर्ट होतो. गोडे ही वेगळी पाचर. स्कर्ट आधी सरळ असतो, त्याच्या शिवणीत खालून काही इंच जागा उघडी ठेवायची आणि तिथे तिकोनी तुकडा बसवायचा. शब्द फ्रेंच आहे, गोड्या तेलाशी त्याचा काही संबंध नाही. दुकानात ‘गोडेट’ म्हटलं तरी कळतं.

अंगावर फरक लगेच दिसतो. कळ्यांचा घेर वरपासून हळूहळू वाढतो. गोडेचा स्कर्ट गुडघ्यापर्यंत अंगासरशी राहतो आणि मग एकदम फुलतो.

चीर देऊन पसरवणे, म्हणजे स्लॅश अँड स्प्रेड, यात नेमकं काय होतं?

कागदी कटिंगला खालून वर उभ्या चिरा द्यायच्या, पण कंबरेच्या रेषेवर कागद पूर्ण तोडायचा नाही. सुतळीएवढा जोड राहू द्यायचा. मग प्रत्येक चीर खालून उघडायची. वरचा जोड बिजागरीसारखा वागतो, त्यामुळे कंबर होती तेवढीच राहते. खालच्या कडेत मात्र प्रत्येक चिरेइतकी भर पडते.

खरी गंमत पुढे आहे. जिथे चीर उघडते तिथे कापडाला जास्तीची जागा मिळते, आणि ती जागा अंगावर घडी होऊन खाली पडते. म्हणजे घडी कुठे पडणार हे तुम्ही कागदावरच ठरवत असता. सगळी वाढ कुशीच्या रेषेला दिली तर घड्या कुशीलाच पडणार आणि पुढचा भाग कोरा राहणार. इस्त्रीने किंवा जड कापडाने हे दुरुस्त होत नाही.

किती पसरवायचं ते कसं ठरवू? दरवेळी अंदाजानेच होतं.

अंदाज करायची गरज नाही, कारण सीटचं मापच ते सांगतं. एक उदाहरण पूर्ण करू. कंबर ३०, सीट ४०, उंची ३४. सीट कंबरेपासून ८ इंच खाली. बसता-उठता यावं म्हणून सीटमध्ये २ इंच सैल धरू, म्हणजे ४२. स्कर्ट सहा कळ्यांचा.

एका कळीची कंबर ३० भागिले ६, म्हणजे ५ इंच. एका कळीची सीट ४२ भागिले ६, म्हणजे ७ इंच. कंबरेपासून ८ इंच खाली आल्यावर कळी २ इंचांनी रुंद व्हायला हवी. कळीची कड सरळ रेषेत खाली न्यायची असेल तर त्याच चालीने ३४ इंचांवर ती किती रुंद होईल? ८ इंचांत २, तर ३४ इंचांत साडेआठ. म्हणजे खाली कळी साडेतेरा इंच आणि सहा कळ्यांचा घेर ८१ इंच.

या ८१ला मी त्या मापांचा नैसर्गिक घेर म्हणते. एवढ्या घेरात कळीच्या कडा पट्टीने आखलेल्या सरळ असतात, सीटला गोलाई द्यावी लागत नाही आणि नवशिक्या हातालाही शिवण नीट जमते. पहिला स्कर्ट शिवत असाल तर याच घेराचा शिवा.

मग कागद कसा कापायचा?

५ इंच रुंद आणि ३४ इंच उंच पट्टी घ्या. मार्जिन आत्ता धरू नका, बिजागरी शिवणीच्या रेषेवरच यायला हवी. पट्टीचे उभे चार समान भाग करा, प्रत्येकी सव्वा इंचाचा. मधल्या तीन रेषांवर खालून वर चीर द्या.

साडेआठ इंच वाढवायचेत आणि चिरा तीनच आहेत, तेव्हा बहुतेक जणी साडेआठला तिनाने भागतात. तिथे थांबा. कळीच्या दोन कडाही मोजायच्या आहेत, कारण शेजारच्या कळीला जोडल्यावर तिथे पुन्हा एक ‘चीर’ तयार होते, अर्धी या कळीची आणि अर्धी त्या कळीची. म्हणून साडेआठला चाराने भागायचं. दोन इंच एक सूत येतं. मधली प्रत्येक चीर दोन इंच एक सूत उघडा आणि दोन्ही कडांना बाहेरून त्याच्या निम्मी, म्हणजे एक इंच अर्धं सूत, वाढ द्या. कडेची वाढ खाली पूर्ण आणि कंबरेवर शून्य, मधे सरळ रेषा.

आता पूर्ण स्कर्टभोवती मोजून बघा. सहा कळ्यांच्या मिळून अठरा चिरा आणि सहा शिवणी, अशा चोवीस जागा झाल्या, आणि प्रत्येक जागी वाढ दोन इंच एक सूत. गुणाकार बरोबर ५१ येतो. ३० ची कंबर अधिक ५१, घेर ८१. घेर सगळीकडे सारखा वाढला याचा अर्थ हाच, की शिवण आणि कळीचा मध्य यांत कापडाला फरक कळत नाही.

पसरवलेला कागद दुसऱ्या मोठ्या कागदावर चिकटवून टाका. चिरा उघडलेल्या जागी खालची कड तुटक दिसेल. ती पट्टीने जोडू नका, हाताने गोलाई द्या. कंबरेची रेषाही किंचित आत वळलेली दिसेल, तिलाही तशीच गोलाई द्या. मग चारी बाजूंनी मार्जिन: शिवणीला अर्धा इंच, कंबरेला अर्धा इंच, खाली पाऊण इंच.

खाली सरळ कापलं तर काय बिघडतं? फरक थोडाच तर असतो.

या कळीत मध्य आणि टोक यांत साधारण तीन सूत फरक पडतो. ऐकायला कमी वाटतो. पण मधली उंची धरून खाली आडवी सरळ रेष मारलीत तर कळीच्या दोन्ही कडा मध्यापेक्षा तीन सूत लांब होतात. दोन कळ्यांच्या अशा कडा जोडल्या की त्या शिवणीपाशी खाली टोक लोंबतं. सहा शिवणी, सहा टोकं. साडीचा परकर घाईत शिवला की हेच होतं, फक्त तो साडीखाली जातो म्हणून कोणी बोलत नाही.

ओळखायची सोपी रीत आहे. दोन कळ्यांचे कागद शिवणीच्या रेषेवर एकमेकांना लावा आणि खालची कड बघा. ती एका चालीने पुढे गेली पाहिजे. जोडाशी कोपरा दिसला तर तो कागदावरच घासून गोल करा. कंबरेलाही हेच करून बघा, फक्त तिथे फरक सुताभराचा असतो.

मला एवढा घेर नको, ६० पुरे. किंवा उलट, १२० हवा.

६० इंचांत कळी खाली १० इंच होते. कडा सरळ खाली नेल्या तर सीटच्या पातळीवर ती सहा इंच आणि एक-दीड सूतच भरते, आपल्याला हवेत ७. म्हणजे स्कर्ट सीटला घट्ट बसणार आणि बसल्यावर वर चढणार. अशा वेळी सीटच्या पातळीवर दोन्ही कडा तीन-तीन सूत बाहेर काढून कंबरेकडे गोलाईने न्याव्या लागतात. कमी घेराचा स्कर्ट शिवायला जास्त अवघड असतो तो या गोलाईमुळे.

१२० इंचांत कळी खाली २० इंच, वाढ १५, चाराने भागून पावणेचार. सीट ५१ इंचांपर्यंत जाते, म्हणजे हव्या त्या मापापेक्षा ९ इंच जास्त. हा दोष नाही. स्कर्ट कंबरेवरूनच सुटा होऊन पडतो, एवढंच. पण ‘सीटला बेतशीर आणि खाली १२०’ अशी मागणी असेल तर एकट्या या युक्तीने ते होणार नाही.

चीर कंबरेपर्यंत न नेता सीटपर्यंतच नेली तर?

हे प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी करून बघतंच. मीही केलं होतं. कागद टेबलावर सपाट बसत नाही, सीटपाशी फुगून उभा राहतो. त्याला दाबून सपाट केलं तर वर सुरकुती पडते. कागदाला जे जमत नाही ते कापडालाही जमत नाही.

बिजागरी कागदाच्या कडेवरच चालते. सीटपासून पसरवायचं असेल तर तिथे कड तयार करावी लागते आणि त्याचे तीनच मार्ग आहेत. सीटवर आडवी शिवण घेऊन वर योक काढायचा. किंवा भरपूर कळ्या करून प्रत्येक शिवणीला सीटखाली वाढ द्यायची. किंवा शिवणीत गोडे बसवायचे.

माझ्याकडे डार्ट असलेल्या साध्या स्कर्टचा कागद आहे. त्याचा घेर वाढवता येईल?

येईल, आणि डार्ट आयतेच कामाला येतील. डार्टच्या टोकापासून सरळ खाली चीर द्या आणि वर डार्ट मिटवा, खाली चीर आपोआप उघडेल. पण घाई करू नका. पुढचा डार्ट आखूड असतो, मागचा लांब. समजा दोन्ही एक-एक इंचाचे आहेत, पुढचा साडेतीन इंच लांब आणि मागचा साडेपाच. ३४ उंचीत पुढची चीर खाली जवळपास पावणेनऊ इंच उघडेल आणि मागची सव्वापाचच्या आसपास. टोक जितकं वर, तितकी चीर जास्त उघडते. परिणामी स्कर्ट पुढे फुलतो आणि मागे गरीब दिसतो.

उपाय सोपा आहे. मिटवण्याआधी दोन्ही डार्टची टोकं सीटच्या रेषेपर्यंत, ८ इंचांवर, खाली आणा. मग दोन्ही चिरा सव्वातीन इंच उघडतात.

उभा धागा कुठे ठेवायचा? परकराच्या कळीसारखी कापली तर कापड वाचेल ना?

कळीच्या बरोबर मध्यावर उभा धागा. मग दोन्ही कडा सारख्याच तिरक्या होतात आणि जोडल्यावर सारख्याच ताणतात.

परकराची नेहमीची कळी वेगळी असते. कापड तिरकं फाडल्यासारखं कापतात, त्यामुळे एक कड सरळ धाग्यावर आणि दुसरी तिरकी येते. सरळ कडेला तिरकी जोडल्याने शिवण ताणत नाही आणि कापडाची चिंधीही वाया जात नाही. परकराला ही उत्तम अक्कल आहे. स्कर्टला मात्र मी नको म्हणते, कारण सगळ्या कळ्यांचं एकच अंग तिरकं असल्याने घड्या एका दिशेला कललेल्या दिसतात. रेघांच्या कापडावर तर हे लांबूनही कळतं.

कापड किती लागेल?

वरच्या ८१ घेराच्या स्कर्टला ४४ पन्ह्याचं सव्वादोन मीटर. मार्जिनसह कळी खाली साडेचौदा, वर ६. एक सुलटी, एक उलटी, पुन्हा एक सुलटी अशा तीन ठेवल्या की ३५ इंचांत बसतात. अशा ३६ इंचांच्या दोन ओळी. उरलेल्या पट्टीतून कंबरेचा पट्टा निघतो. सुती कापड आधी पाण्यातून काढाच.

छाप एकाच दिशेचा असेल, मोर सगळे वर तोंड करून उभे असतील, तर कळ्या उलट्या ठेवता येत नाहीत. तीन साडेचौदा म्हणजे साडेत्रेचाळीस, आणि काठ वगळला की ४४ पन्ह्यात तेवढं मिळत नाही. घेर कळीमागे इंचभर कमी करा किंवा जास्त कापड घ्या. मखमलीलाही हाच नियम.

टिप कुठून मारायची?

खालून वर, रुंद बाजूकडून अरुंद बाजूकडे, सगळ्या शिवणी एकाच दिशेने. वरून खाली मारली की तिरका धागा मशीनच्या पायाखाली ताणतो आणि शिवण लहरी होते. कळ्या जोडताना सीटच्या पातळीची खूण दोन्हीकडे जुळली पाहिजे. चेन डाव्या कुशीच्या शिवणीत किंवा मागे, जिथे सवय असेल तिथे.

गोडे कापताना तो तिकोन कसा आखायचा?

तिकोन आखायचाच नाही, खरं तर. पंख्याची पाकळी आखायची.

वरच्याच मापांचा स्कर्ट घेऊ. या वेळी कळी सीटपासून खाली सरळ, ७ इंचांची. नुसता तसाच राहिला तर घेर ४२, चालताना पाय अडतील. प्रत्येक शिवणीत खालून १२ इंच जागा उघडी ठेवू आणि खाली ८ इंच रुंद होणारा गोडे बसवू. सहा गोडे, ४८ इंच, एकूण घेर ९०.

कागदावर एक बिंदू घ्या. तिथे टेपचं टोक धरून १२ इंचांवर पेन्सिलने कमान काढा. कमानीवर टेप वळवून ८ इंच मोजा आणि दोन्ही टोकं बिंदूला जोडा. दोन्ही कडा बरोबर १२ इंच झाल्या, मध्यही १२ इंच. उभा धागा मध्यावर. मार्जिन नंतर.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा भाचीच्या स्कर्टला चक्क तिकोन कापले होते, मधली उंची १२ आणि पाया ८. तिरक्या कडा भरल्या बारा इंच पाच सूत, आणि त्यांना बसायचं होतं बारा इंचांच्या जागेत. मी वरून लावत खाली आले आणि उरलेले पाच सूत खाली लोंबू दिले. धुतल्यावर आणखी लोंबले. ती पोर दोन वर्षं त्याला ‘दातांचा स्कर्ट’ म्हणत होती.

गोडे जास्त फुलवायचा असेल तर पुन्हा तीच युक्ती. पाकळीचे चार समान भाग करा, टोकाशी जोड ठेवून चिरा द्या आणि पसरवा. इथेही कडांना निम्मी-निम्मी वाढ. ८ चे १२ करायचे तर मधल्या चिरा एक-एक इंच आणि कडा अर्धा-अर्धा इंच. नंतर कडांची लांबी १२ आहे ना, ते टेप लावून बघा.

गोडेचं टोक नेहमी फुगतं किंवा तिथे भोक पडतं. कसं शिवू?

सगळी कसोटी त्या एका बिंदूवर आहे. कळ्यांच्या उलट्या बाजूला शिवणीच्या रेषेवर, खालून १२ इंचांवर, खडूने ठिपका द्या. गोडेच्या टोकालाही मार्जिन सोडून आत ठिपका द्या. वरची शिवण त्या ठिपक्यापर्यंतच मारा आणि दोन टाके मागे घेऊन थांबा. एक टाका जरी खाली गेला तरी टोकाला चुणी पडते.

आता गोडेची एक कड एका कळीला लावा, ठिपक्यावर ठिपका. वरच्या शिवणीचं मार्जिन बाजूला करा, ते टिपेत सापडता कामा नये. सुई नेमकी ठिपक्यात उतरवून टिप सुरू करा आणि खालपर्यंत जा. दुसरी कडही पुन्हा ठिपक्यापासूनच. खालून वर टिप मारायचा नियम इथे मोडतो, कारण इथे टोक नेमकं बसणं ताणापेक्षा महत्त्वाचं. ताण येऊ नये म्हणून आधी कच्चा धागा घाला.

टोक फुगत असेल तर दोन टिपा ठिपक्याच्या खाली थांबल्यात. चुणी असेल तर त्या ठिपक्याच्या पुढे गेल्यात. उलट्या बाजूने बघितलं की दोन सेकंदांत कळतं.

शिवण नसलेल्या जागी, कळीच्या मधोमध चीर देऊनही गोडे बसवता येतो, पण चिरेच्या टोकाशी मार्जिन शून्यावर येतं आणि तिथेच कापड उसवतं. कापण्याआधी त्या जागी उलट्या बाजूने छोटा कॅनव्हास चिकटवा. नवशिक्यांनी शिवणीतच बसवावा. पूर्वीचे लोक मात्र ही जोखीम बेलाशक घेत. ग्रीनलंडमध्ये हर्योल्फ्सनेस इथल्या कब्रस्तानात १९२१ साली पाउल नॉर्लुंड यांना उत्खननात मध्ययुगातले लोकरीचे झगे सापडले, त्यांतले बहुतेक आता डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्यांतल्या काही झग्यांच्या पुढच्या-मागच्या भागात मधोमध चीर देऊन पाचरी बसवल्या आहेत. हाताने कातलेली, हाताने विणलेली लोकर, सगळ्या टिपाही हाताच्या.

शिवून झाल्यावर खालची कड वर-खाली दिसते.

तिरका धागा स्वतःच्या वजनाने खाली येतो. स्कर्ट पट्ट्यासकट हँगरला लावून एक रात्र टांगा, क्रेप किंवा जॉर्जेट असेल तर दोन. मग अंगावर घालून जमिनीपासून पट्टीने उंची मोजत खुणा करा आणि जास्तीचं कापा. खुणा दुसऱ्या कोणाकडून करून घ्या, स्वतः वाकलात की कड वर जाते.

दुमड अरुंद ठेवा. गोल कडेची आतली बाजू लहान असते. आपल्या ८१च्या स्कर्टला अर्धा इंच दुमडलं तर पूर्ण घेरात दीड इंच कापड जास्तीचं होतं, ते इस्त्रीने जिरतं. दोन इंच दुमडलं तर सहा इंच जास्तीचं होतं आणि मग चुण्याच चुण्या. जड काठ हवाच असेल तर त्याच गोलाईची वेगळी पट्टी कापून आतून लावा.

अस्तर लावायचं तर तेही असंच कापायचं का?

नाही. अस्तराला ६० घेर पुरतो, उंची दीड इंच कमी. त्याची खालची कड स्कर्टला जोडू नका, सुटी लोंबू द्या.